स्ट्रॅडल आणि कॉलर: कॉल-पुट दोन्हीकडे आहेत, पण गणित एकदम उलटं

परवा एका मित्राशी बोलताना परत तोच घोळ झाला, तो म्हणाला मी कॉलर केलाय, विचारलं तर कॉल पण घेतलेला आणि पुट पण घेतलेला, शेअर हातात एकही नाही. अरे मग हा स्ट्रॅडल झाला ना! दोन्हीत एक कॉल एक पुट असतो म्हणून ही गडबड होते. बघायचं एवढंच की कॉल घेतलाय का विकलाय, आणि खाली शेअर आहे का नाही.

समजा एक शेअर १००० ला चाललाय, लॉट ५०० चा (आकडे समजण्यापुरते घेतलेत).

स्ट्रॅडलमध्ये १००० चा कॉल घेतला ३२ ला, १००० चाच पुट घेतला २८ ला, एक्सपायरी एकच. खिशातून गेले ६०, म्हणजे लॉटमागे ३०,०००. एक्सपायरीला या दोनातला एकच कामाचा उरतो, दुसरा शून्य होतो, म्हणून त्या एकट्याने दोघांचा खर्च काढायला लागतो. म्हणून ब्रेकइव्हन दोन, १०६० आणि ९४०. शेअर ११०० ला गेला तर कॉलचे १०० मिळाले, ६० वजा जाऊन ४० नफा. ८८० ला पडला तर पुटचे १२०, नफा ६०. आणि बरोबर १००० लाच बंद झाला तर सगळे ६० बुडाले, त्यापेक्षा जास्त मात्र जात नाहीत.

कॉलरमध्ये सुरुवातच शेअरपासून होते. ५०० शेअर १००० ने घेतलेत, त्यांच्यासाठी ९५० चा पुट घेतला १२ ला आणि त्याचा खर्च काढायला १०६० चा कॉल विकला १४ ला, उलट २ रुपये हातात आले. आता शेअर ८८० ला पडला तर शेअरमध्ये १२० गेले, पुटने ७० दिले, वरचे २, तोटा ४८, आणि शेअर अजून कितीही खाली गेला तरी ४८ च. ११०० ला गेला तर शेअरमध्ये १०० मिळाले पण विकलेल्या कॉलमध्ये ४० गेले, नफा ६२, आणि वर कितीही गेला तरी ६२ च. ब्रेकइव्हन एकच, ९९८, म्हणजे खरेदीचा भाव वजा मिळालेले २.

फरक खरा कळतो तो १०४० वर. शेअर ४ टक्के वर गेलाय, कॉलरवाला ४२ कमावून बसलाय आणि स्ट्रॅडलवाला २० तोट्यात आहे. कारण स्ट्रॅडलवाल्याने दिशेवर पैसे लावलेच नव्हते, त्याचं म्हणणं होतं की शेअर ६० पेक्षा जास्त हलेल, कुठेही हलू दे. नुसतं हलून भागत नाही, बाजाराने प्रीमियममध्ये जेवढं धरलंय त्याहून जास्त हलायला लागतं, आणि रिझल्टच्या आधी लोक स्ट्रॅडल घेतात तेव्हा प्रीमियम आधीच फुगलेला असतो, मग रिझल्ट चांगला येऊनही पैसे जातात ते यामुळे. कॉलरवाल्याचं म्हणणं वेगळंच असतं: शेअर मला ठेवायचाय, थोडा वर जाईल असं वाटतं पण मध्ये मोठी पडझड झाली तर झोपेचं खोबरं नको, त्यासाठी १०६० च्या वरचा नफा मी सोडायला तयार आहे.

अजून एक गोष्ट, कॉलरचा ब्रेकइव्हन तुमच्या खरेदीवर ठरतो. हाच शेअर तुम्ही ७०० ला घेतला असेल तर ब्रेकइव्हन ६९८ येतो, पण पुट ९५० लाच आडवा उभा आहे, त्यामुळे वाईटात वाईट २५२ नफा हातात राहतोच. स्ट्रॅडलला तुमच्या जुन्या खरेदीचं काही देणंघेणं नाही.

आता आपल्याकडचा मुद्दा. स्टॉक ऑप्शनची सेटलमेंट डिलिव्हरीने होते, इंडेक्ससारखी नुसती रोख नाही. स्ट्रॅडलवाला ८८० वर पुट तसाच ठेवून बसला तर त्याला ५०० शेअर द्यावे लागणार जे त्याच्याकडे नाहीतच, आणि ११०० वर कॉल ठेवला तर शेअर घ्यायला पाच लाख लागणार, म्हणून त्याने एक्सपायरीआधीच पोझिशन कापलेली बरी. कॉलरवाल्याकडे शेअर आहेत, ९५० च्या खाली ते ९५० ने जातात, १०६० च्या वर १०६० ने जातात, मधे राहिला तर त्याच्याकडेच राहतात. फक्त मार्जिनसाठी तेच शेअर प्लेज केले असतील तर आधी सोडवून घ्या. आणि ७०० चे जुने शेअर हातातून जाऊच द्यायचे नसतील, तर शेअर १०६० च्या वर किंवा ९५० च्या खाली असताना कॉल आणि पुट दोन्ही एक्सपायरीच्या आधी स्क्वेअर ऑफ करा, नाहीतर डिलिव्हरी म्हणजे विक्रीच, आणि त्यावर कॅपिटल गेन टॅक्स लागतो.