‘सुरू करा’ म्हणजे दर मान्य?

“क्लायंटने ‘ओके, सुरू करा’ लिहिलं म्हणजे त्याला आपला दर मान्य आहे.”

नेहमीच नाही. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७ नुसार स्वीकार पूर्ण आणि बिनशर्त असावा लागतो. अट घातली की तो नवा प्रस्ताव ठरतो.

समजा, तुम्ही लोगोसाठी १८,००० रुपये सांगितले, निम्मे आगाऊ. उत्तर आलं, “मस्त! सुरू करा. १५ मध्ये बसवा ना, बाकी बघू.” यात होकार कामाला आहे, तुमच्या आकड्याला नाही. आता टेबलावर १५,००० आहेत. तुम्ही यावर काहीच न बोलता काम सुरू केलंत, तर १५ तुम्हीच मान्य केले असं तो म्हणू शकतो, आणि त्याचं म्हणणं अगदीच चुकीचं ठरणार नाही.

म्हणून चॅट खालून वर वाचा. शेवटचा आकडा कोणाचा, आणि त्यानंतर समोरच्याने त्याच आकड्याबद्दल काय लिहिलं? नुसता अंगठा कशाला दिलाय तेही पाहा; अनेकदा तो फक्त ‘वाचलं’ एवढंच सांगतो. शंका असेल तर एक ओळ पाठवा: “१८,००० रुपये, जीएसटी वेगळा, दोन बदल धरून. मान्य असल्यास कळवा, मग सुरू करते.” लेखी करारपत्र नसलं तरी चालतं, व्हॉट्सअ‍ॅपवरचा स्पष्ट होकारही पुरतो.

आगाऊ रक्कमही बोलते. ९,००० आले तर तो १८ वर आहे. ७,५०० आले तर १५ वरच, तेव्हा काम सुरू करण्याआधी विचारा.