टक्क्यांचा स्टॉपलॉस, एटीआरचा स्टॉपलॉस आणि सांगलीची हळद

सांगलीच्या मार्केट यार्डात फेब्रुवारीपासून नव्या हळदीची आवक सुरू होते, आणि सौद्यांबरोबर मोबाइलच्या पडद्यावर हळदीचा वायदाही चालू असतो. वायद्यात उतरणाऱ्याला पहिल्याच दिवशी कोणीतरी सांगतं, ‘खरेदीच्या चार टक्के खाली स्टॉप लाव आणि विसर.’ म्हणजे भाव तिथवर पडला की तोटा घेऊन बाहेर पडायचं. चारच का, हे विचारलं तर उत्तर मिळत नाही. काही जण पाच सांगतात, शेअरवाले सात-आठ सांगतात. हा आकडा आला कुठून आणि त्याच्या जागी एटीआर, म्हणजे बाजार रोज सरासरी किती हलतो याचं माप, कसं आलं, याचा हा मागोवा. हळदीचं उदाहरण मुद्दाम घेतलं आहे, कारण एटीआरचा जन्म शेअरबाजारात नव्हे तर कमोडिटीच्या वायद्यात झाला.

आधी टक्क्यांबद्दल, थोडक्यात. खरेदीच्या सात-आठ टक्के खाली तोटा कापायचा हा नियम अमेरिकेत विल्यम ओनील यांनी लोकप्रिय केला. तो सरसकट नव्हता. विशिष्ट प्रकारचे वाढते शेअर, विशिष्ट ठिकाणी, भाव आधीची पातळी तोडून वर निघताना घेतले तरच तो लागू होता. प्रवासात अटी गळाल्या, आकडा तेवढा उरला. म्हणजे टक्का मुळात मनमानी नव्हता. तो हळदीला, सोन्याला आणि बँकेच्या शेअरला एकसारखा लावला जाऊ लागला तेव्हा मनमानी झाला.

अमेरिकेतले जे. वेल्स वाइल्डर मूळचे मेकॅनिकल इंजिनिअर. 1978 साली त्यांनी आपल्या ट्रेडिंग पद्धतींचं पुस्तक काढलं. आज प्रत्येक चार्टवर दिसणारे आरएसआय, एडीएक्स आणि पॅराबोलिक एसएआर त्याच पुस्तकातले, आणि एटीआरही तिथलाच. त्यांची अडचण साधी होती. बाजार किती हलतो हे मोजायचं तर लोक दिवसाचा उच्चांक वजा नीचांक करत. कमोडिटीत हे माप फसतं, कारण तिथे भाव रात्रीतून उडी मारतो आणि दिवसाच्या मर्यादेला जाऊन चिकटतो. दिवसभरात जवळपास सौदाच होत नाही, उच्चांक आणि नीचांक एकमेकांना लागून असतात, आणि माप म्हणतं की बाजार शांत आहे.

हे हळदीवर करून पाहू. काल वायदा 14,000 रुपये क्विंटलला बंद झाला. आज तेजीची बातमी आहे. एनसीडीईएक्स या कमोडिटी एक्सचेंजवर हळदीच्या भावाला दिवसाला आधी 4 टक्क्यांची मर्यादा असते. भाव तिथे टेकला की पंधरा मिनिटांनी आणखी 2 टक्के मोकळे होतात. समजा भाव उघडतानाच 14,560 ला अडकला, पंधरा मिनिटांनी 14,840 वर गेला आणि तिथेच सर्किटला थांबला. उच्चांक वजा नीचांक फक्त 280 रुपये. पण काल ज्याने विक्री केली होती त्याला विचारा, त्याच्या दृष्टीने बाजार 840 रुपये हलला.

वाइल्डरनी म्हणून तीन वजाबाक्या घेतल्या: आजचा उच्चांक वजा आजचा नीचांक, आजचा उच्चांक आणि कालचा बंद यांतला फरक, आजचा नीचांक आणि कालचा बंद यांतला फरक. तिघांतला मोठा तो टीआर, म्हणजे ट्रू रेंज. वर तो 840 येतो. सरासरी काढण्याची त्यांची रीतही मजेशीर आहे. कालची सरासरी गुणिले 13, त्यात आजचा टीआर मिळवायचा, भागिले 14. चौदा दिवसांचे आकडे जपून ठेवावे लागत नाहीत, कालचा एक आकडा पुरतो. हाताने तक्ते भरण्याच्या त्या काळात ही मोठी सोय होती.

कालचा एटीआर 400 असेल तर 400 गुणिले 13 म्हणजे 5,200, अधिक 840, भागिले 14. उत्तर 431. साधी रेंज 280 घेतली असती तर 391 आलं असतं, म्हणजे सर्किट लागलेल्या दिवशी बाजार थंडावला असा निष्कर्ष निघाला असता. एटीआरचं सगळं मोल या चाळीस रुपयांच्या फरकात आहे.

एक्सेलमध्ये हेच करायचं तर बी, सी, डी या रकान्यांत उच्चांक, नीचांक आणि बंद, दुसऱ्या ओळीपासून भरा. टीआर ई रकान्यात तिसऱ्या ओळीपासून सुरू होतो आणि एटीआर एफ रकान्यात सोळाव्या ओळीपासून:

```
E3:  =MAX(B3-C3, ABS(B3-D2), ABS(C3-D2))
F16: =AVERAGE(E3:E16)
F17: =(F16*13+E17)/14
```

पुढे नुसतं खाली ओढत न्यायचं. पहिले काही आकडे तुमच्या चार्टशी जुळणार नाहीत, कारण तिथली सरासरी कितीतरी आधीपासून चालत आलेली असते. शंभरेक ओळी झाल्या की आकडे जवळ येतात. तरीही जुळले नाहीत, तर तुमचं सॉफ्टवेअर वाइल्डरची रीत सोडून साधी सरासरी घेत असण्याची शक्यता आहे. एटीआरच्या सेटिंगमध्ये ते दिसतं.

आता स्टॉपकडे. वाइल्डरच्या स्टॉपच्या पद्धतीत एटीआर 14 नव्हे, 7 दिवसांचा होता आणि अंतर त्याच्या सुमारे 3 पट. ते अंतर खरेदीच्या भावापासून मोजायचं नव्हतं. सौदा घेतल्यावर आपल्या बाजूने झालेला सर्वांत चांगला बंद भाव धरायचा, त्यापासून हे अंतर मोजायचं, आणि बाजाराने बंद भावाने ती पातळी ओलांडली तर नुसतं बाहेर न पडता उलट बाजूचा सौदा घ्यायचा. आजच्या ‘एंट्रीच्या दोन एटीआर खाली’ या वापराशी त्याचं फारसं साम्य नाही.

तो वापर आला शिकागोहून. ट्रेडिंग शिकवता येतं की रक्तातच असावं लागतं, यावर रिचर्ड डेनिस आणि विल्यम एकहार्ट या तिथल्या दोन वायदा ट्रेडरांचा वाद झाला. तो मिटवण्यासाठी 1983 च्या अखेरीस वर्तमानपत्रात जाहिरात देऊन त्यांनी माणसं निवडली आणि दोनेक आठवडे शिकवली. हेच ‘टर्टल्स’. त्यांच्याकडे एटीआर 20 दिवसांचा होता आणि त्याला ते नुसतं ‘एन’ म्हणत. स्टॉप खरेदीच्या 2 एन खाली. पण त्याआधी एक पायरी होती, आणि माझ्या मते इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा भाग तोच: किती माल घ्यायचा हेही एनवरूनच ठरायचं. भाव 1 एन उलटा गेला तर खात्याचा 1 टक्का जावा, इतकाच सौदा. म्हणजे 2 एनचा स्टॉप लागला की 2 टक्के जाणार, मग माल सोयाबीन असो की चांदी. टक्का इथेही आहे, पण तो भावाचा नाही, खात्याचा आहे.

पुढे चक लेबो यांनी सर्वोच्च भावापासून 3 एटीआर खाली टांगलेला ‘शँडेलिअर’ स्टॉप रूढ केला. मग सॉफ्टवेअरमध्ये 14 हा आकडा आपोआप येऊ लागला आणि लोकांनी 14 आणि 2 पाठ केले. ओनीलच्या आठ टक्क्यांचं जे झालं तेच एटीआरचंही झालं: मालाचं प्रमाण मागे राहिलं, गुणक तेवढा पुढे आला.

त्याने काय बिघडतं ते हळदीत नीट दिसतं. 2023 च्या उन्हाळ्यात सात-आठ हजारांत असलेला वायदा ऑगस्टमध्ये पंधरा हजारांच्या वर गेला होता. पुढचे एटीआरचे आकडे उदाहरणादाखल आहेत. समजा भाव 8,000 आणि एटीआर 160. चार टक्के म्हणजे 320, बरोबर 2 एटीआर. इथे यार्डातला चार टक्क्यांचा सल्ला आणि टर्टल्सचा नियम योगायोगाने एकच ठरतात. लॉट 5 टनांचा, म्हणजे 50 क्विंटल, तेव्हा स्टॉप लागला तर 16,000 रुपये जातील. वीस लाखांच्या खात्यात एका सौद्यात 1 टक्का, म्हणजे 20,000, घालवायची तयारी असेल तर एक लॉट बसतो.

आता भाव 15,000 आणि एटीआर 500. चार टक्के म्हणजे 600, एटीआरच्या जेमतेम सव्वापट. बाजार रोज सरासरी 500 हलतोय आणि तुम्ही 600 वर दोरी बांधली आहे. तेजी शाबूत असताना दोन दिवसांच्या साध्या हेलकाव्यात स्टॉप उडतो, भाव परत वर जातो आणि ‘माझाच स्टॉप बघून पाडतात’ अशी तक्रार सुरू होते. कोणी पाडत नाही. अंतर अपुरं आहे. 2 एटीआर घेतले तर स्टॉप 14,000 वर येतो आणि एका लॉटचा धोका 50,000 होतो. वीस लाखांच्या खात्यात 20,000 ची मर्यादा पाळायची तर उत्तर शून्य लॉट येतं. हे उत्तर कोणालाच आवडत नाही. मग स्टॉप ओढून जवळ आणला जातो, म्हणजे पुन्हा चार टक्केच.

दोन चुका वारंवार दिसतात. पहिली, सौदा चालू असताना रोजच्या नव्या एटीआरने स्टॉप पुन्हा मोजणे. भाव पडू लागला की एटीआर फुगतो, मग स्टॉप आणखी खाली सरकतो, आणि तोटा वाढताना सवलतही वाढत जाते. खरेदीच्या दिवशीचा एटीआर वहीत लिहून ठेवायचा आणि स्टॉप फक्त वर सरकवायचा. दुसरी चूक वायद्यापुरती आहे. सलग जोडलेल्या चार्टवर जुना करार संपून नवा सुरू होतो तिथे दोन महिन्यांच्या भावांतला फरक उडीसारखा दिसतो. टीआर त्याला खरी हालचाल समजतो आणि पुढचे काही आठवडे एटीआर फुगलेला राहतो. ज्या महिन्याच्या करारात सौदा आहे त्याचाच चार्ट घेतला की हा प्रश्न उरत नाही. शेअरमध्ये हेच स्प्लिट आणि बोनसच्या तारखेला होतं, भाव समायोजित केलेले नसतील तर.

आणि सर्किट. एटीआर स्टॉपची जागा सांगतो, पण तिथे गिऱ्हाईक असेल याची हमी देत नाही. पन्नास लाखांच्या खात्यात 15,000 ला एक लॉट घेतला, स्टॉप 14,000. भाव 14,300 ला बंद झाला. दुसऱ्या दिवशी मंदीने उघडताच 13,728 ला, म्हणजे 4 टक्के खाली, घेणारा कोणी नाही. ट्रिगर 14,000 आणि लिमिट 13,950, म्हणजे त्याखाली विकायचं नाही, अशी लावलेली ऑर्डर जागी झाली, पण तशीच पडून राहिली. मर्यादा वाढल्यावर 13,442 ला हाताने विक्री केली. तोटा ठरवलेल्या 50,000 ऐवजी 77,900. त्या संध्याकाळी टीआर 858 नोंदला गेला आणि एटीआर 500 वरून 526 झाला.