कोशात सुरवंट खरंच विरघळतो का?

दोन-तीन दिवसांचा कोश चिरला तर आतून पिवळसर, साईसारखा दाट द्रव बाहेर येतो, आणि त्यावरूनच ‘कोशात सुरवंटाचा रस होतो आणि त्या रसातून फुलपाखरू तयार होते’ ही समजूत रूढ झाली. ती अर्धीच खरी आहे. त्या द्रवात कीटकाचे रक्त असते, चरबी साठवणाऱ्या मेदपिंडातून सुट्या झालेल्या पेशी असतात आणि मोडलेल्या स्नायूंचे अवशेषही असतात. मात्र त्याच वेळी आत शाबूत असलेले अतिशय नाजूक अवयव चिरताना फाटून त्यातच मिसळून जातात.

हे कोश न चिरता पाहता येते. इंग्लंडमधील संशोधकांनी २०१३ मध्ये ‘पेंटेड लेडी’ या फुलपाखराच्या जिवंत कोशांचे क्ष-किरणांच्या साहाय्याने त्रिमितीय स्कॅन केले, आणि तेच कोश ते पुन्हापुन्हा पाहत राहिले. श्वासनलिकांचे जाळे कोशावस्थेच्या सुरुवातीपासूनच स्पष्ट दिसत होते. ते कधी नाहीसे झालेच नाही.

मग मोडते काय? सुरवंटाच्या शरीरातील, त्याचे सुरवंटपण टिकवणाऱ्या ज्युवेनाइल हॉर्मोनचे प्रमाण घटले आणि कात टाकायला लावणारे एक्डायसोन हे संप्रेरक वाढले की त्या एकाच संप्रेरकाचा संदेश निरनिराळ्या पेशी निरनिराळ्या अर्थाने घेतात. पोटाच्या पायांना हलवणारे स्नायू पुढे निरुपयोगी असतात. त्यांच्या पेशी स्वतःच्याच विकरांनी स्वतःला मोडतात आणि रक्तातील भक्षक पेशी तो चुरा गिळून टाकतात. त्यातून मिळालेली प्रथिने, तसेच सुरवंटाने खाऊन साठवलेली चरबी, हेच नव्या बांधकामाचे सामान. कोशाला तोंडाने काहीच खाता येत नसल्यामुळे सुरवंट अर्धपोटी राहिला असेल, तर फुलपाखरूही लहानखुरे निघते.

बांधकामाची सुरुवात मात्र कोशाच्या कितीतरी आधी झालेली असते. सुरवंटाच्या छातीच्या भागात, त्वचेखाली, पंखांच्या चिमुकल्या चकत्या दडलेल्या असतात. कोश होताना त्या बाहेरच्या बाजूस उलटतात, म्हणून ताज्या कोशाच्या कवचावरही पंखांचा आकार ओळखता येतो. पंखांवरील खवल्यांना रंग चढतो तो अगदी शेवटी, आणि तेव्हा कोशाच्या पातळ भिंतीतून नक्षी दिसू लागते.

आतड्याची कथा मला सर्वांत विलक्षण वाटते. पाने पचवणाऱ्या जुन्या आतड्याच्या पेशी एकदम नाहीशा होत नाहीत. त्यांच्या तळाशी असलेल्या मूळपेशींपासून बाहेरच्या बाजूस नवे अस्तर तयार होते आणि जुने अस्तर सुटून आतल्या पोकळीत पडते. म्हणजे फुलपाखराच्या पोटात काही काळ सुरवंटाचे आतडे पडून असते. कोश फोडून बाहेर आलेले फुलपाखरू पंख वाळवता वाळवता लालसर किंवा तपकिरी थेंब टाकते, ते रक्त नव्हे. कोशावस्थेत साचलेली टाकाऊ द्रव्ये आणि त्या जुन्या आतड्याचे अवशेष त्यात असतात.