ग्राहकांच्या ईमेल-यादीवरून जाहिरातीचा प्रेक्षकवर्ग कसा जुळवला जातो

दुकानाच्या बिलिंगच्या संगणकात साठलेली ईमेल-यादी वापरून जुन्या ग्राहकांना फेसबुक, इन्स्टाग्राम किंवा गूगलवर जाहिरात दाखवायची असेल, तर ती यादी जशीच्या तशी त्या कंपनीच्या हवाली करावी लागते का, असा प्रश्न आमचे पुण्यातील बहुतेक व्यापारी ग्राहक विचारतात. वाचता येतील असे पत्ते द्यावे लागत नाहीत. त्यांच्याऐवजी जे दिले जाते त्याला हॅश म्हणतात, आणि तेही जपूनच हाताळावे लागते.

एसएचए-२५६ या गणिती पद्धतीत कोणताही पत्ता घातला की ६४ अक्षरांची एक ओळ, म्हणजेच हॅश, मिळते. पत्ता तोच असेल तर ओळ दर वेळी तीच येते. पत्त्यातले एक अक्षर बदलले तरी सगळी ओळ बदलते. आणि ओळीवरून उलट गणित करून पत्ता काढण्याची रीत उपलब्ध नाही. नमुन्यादाखल एक पत्ता घेऊ:

```
printf '%s' 'test@example.com' | sha256sum | cut -d' ' -f1
973dfe463ec85785f5f95af5ba3906eedb2d931c24e69824a89ea65dba4e813b
```

जाहिरात कंपनीने आपल्या खातेदारांच्या पत्त्यांचे हॅश याच पद्धतीने काढलेले असतात. आपल्या यादीतील ओळ त्यांच्याकडील ओळीशी तंतोतंत जुळली, की ते खाते आपल्या प्रेक्षकवर्गात घेतले जाते. जे जुळत नाहीत, त्यांचा मूळ पत्ता कंपनीला या फाइलमधून कळत नाही. जुळणी झाल्यावर पाठवलेले हॅश काढून टाकले जातात, असे फेसबुक-इन्स्टाग्राम चालवणारी मेटा आणि गूगल या दोघांचेही म्हणणे आहे. नेमकी कोणती व्यक्ती जुळली हे आपल्यालाही दाखवले जात नाही. संख्येचा अंदाज तेवढा मिळतो.

गडबड होते ती बहुधा हॅश काढण्याआधी. समजा, लक्ष्मी रस्त्यावरील एका साडीच्या दुकानात काउंटरवर तोच पत्ता एका बिलावर "Test@Example.com" असा आणि दुसऱ्या बिलावर शेवटी मोकळी जागा सोडून टाइप झाला. माणसाच्या नजरेला दोन्ही एकच; हॅश मात्र दोन निघतात, आणि वर दिलेल्या ओळीशी दोन्हींपैकी एकही जुळत नाही. म्हणून आम्ही आधी पुढची-मागची मोकळी जागा काढतो, सर्व अक्षरे लहान करतो आणि मगच हॅश काढतो. गूगलच्या नियमानुसार जीमेलच्या पत्त्यातील @ च्या आधीचे टिंबही काढावे लागतात, मेटाकडे ही पायरी नाही. त्यामुळे दोघांसाठी फाइल वेगळी बनवतो. हॅश काढताना पत्त्यांच्या शेवटी न दिसणारे "नवी ओळ" हे चिन्ह चिकटून राहिले, तरी संपूर्ण फाइल वाया जाते.

यादीतील काही पत्ते न जुळणे स्वाभाविकच आहे, कारण दुकानात एक ईमेल देणारी व्यक्ती फेसबुकवर दुसऱ्याच ईमेलने किंवा फक्त मोबाइल क्रमांकाने आलेली असते. परंतु मोठी यादी देऊनही जवळजवळ काहीच जुळले नाही, तर दोष फाइलमध्ये आहे असे आम्ही धरतो. अशा वेळी वरचा नमुना पत्ता त्याच प्रक्रियेतून काढून पाहतो. उत्तर अक्षर न् अक्षर तेच यायला हवे. तसे आले, तर आधीच हॅश केलेल्या फाइलचा पुन्हा हॅश निघाला आहे का, हे तपासतो.

एक गोष्ट आम्ही प्रत्येक व्यापारी ग्राहकाला स्पष्टपणे सांगतो: हॅश केल्याने माणूस अनोळखी होत नाही. ज्याच्याकडे ईमेल पत्त्यांचा मोठा साठा आहे, तो त्या सर्वांचे हॅश काढून आपल्या फाइलशी ताडून पाहू शकतो. जुळणी होते तीसुद्धा याच मार्गाने. प्रत्येक हॅशमध्ये गुप्त शब्द मिसळून हे थांबवता आले असते, पण मग दोन्हीकडच्या ओळी जुळल्याच नसत्या. त्यामुळे जुळलेल्या व्यक्तीबद्दल कंपनीला एवढे नक्की कळते, की ती या दुकानाच्या यादीत आहे. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननेही २०२४ मध्ये हॅश केलेली माहिती निनावी मानता येणार नाही, असे बजावले आहे. हॅशची फाइल म्हणूनच आम्ही ईमेलने किंवा व्हॉट्सअॅपवर फिरवत नाही.

शिवाय "मला ही जाहिरात का दिसते" या फेसबुकवरील पर्यायात ग्राहकाला जाहिरातदाराने यादी वापरल्याचे दिसू शकते. त्याने काउंटरवर विचारले, तर उत्तर तयार हवे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ नुसार माहिती कशासाठी वापरणार हे सांगून संमती घ्यावी लागते आणि ती मागे घेण्याचा हक्क ग्राहकाला असतो. फक्त बिल पाठवण्यासाठी घेतलेला ईमेल जाहिरातीच्या यादीत घालू नये, असे आमचे ठाम मत आहे.

दुकानाच्या यादीतून नाव खोडले म्हणजे जाहिरातीच्या खात्यातील प्रेक्षकवर्गातून ते आपोआप निघत नाही; त्या पत्त्याचा हॅश पुन्हा त्याच पद्धतीने काढून "वगळा" या सूचनेसह पाठवावा लागतो. नकार कळवलेल्या ग्राहकांचे पत्ते आपण दर महिन्याच्या यादीबरोबर वेगळ्या स्तंभात द्यावेत, आणि प्रत्येक नावापुढे संमती मिळाल्याची तारीख लिहावी.