पाळी गेल्यावर डोळ्यांत खुपतं, त्यावर हार्मोनच्या गोळ्या?

“पाळी गेल्यापासून डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपतं. इस्ट्रोजेन कमी झालंय, गोळ्या घेतल्या की थांबेल ना?”

बहुधा नाही. अमेरिकेत २००१ साली प्रसिद्ध झालेल्या, २५ हजारांहून अधिक स्त्रियांच्या अभ्यासात नुसतं इस्ट्रोजेन घेणाऱ्यांमध्ये कोरड्या डोळ्यांची तक्रार उलट जास्त आढळली. पापण्यांच्या कडेला तेल स्रवणाऱ्या बारीक ग्रंथी असतात. त्यांना चालना देतात अँड्रोजेन, म्हणजे पुरुषी म्हटले जाणारे पण बायकांतही असणारे हार्मोन, आणि वयानुसार तेही घटतात. मग तेल घट्ट होतं, अश्रूंवरचा तेलाचा थर विरतो आणि अश्रू लवकर उडून जातात. डोळा चुरचुरला की पाणीही वाहतं, म्हणून कोरडेपणा पटत नाही. (गरम झळांसाठी गोळ्या चालू असतील तर मनानं बंद करू नका.)

उपयोगी पडतो तो शेक. स्वच्छ रुमाल सोसेल इतक्या गरम पाण्यात पिळून मिटलेल्या पापण्यांवर ठेवा. तो दोनेक मिनिटांत निवतो आणि बहुतेक जणी तिथेच थांबतात. पुन्हा गरम करत दहा मिनिटं पुरी करा. लगेच वरची पापणी खाली, खालची वर, अशी हलक्या बोटानं चोळा. रोज केल्यास काही आठवड्यांत फरक कळतो. कृत्रिम अश्रूंचे थेंब दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा लागत असतील तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले घ्या. गुलाबपाणी, मध नको.

तोंडही कोरडं पडत असेल, सांधे दुखत असतील तर श्योग्रेन आजाराची तपासणी हवी; यात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच अश्रूंच्या आणि लाळेच्या ग्रंथींवर उलटते. नजर धूसर झाली किंवा उजेड सोसेना, तर लगेच नेत्रतज्ज्ञ गाठा.