निशाणी ५ चा अर्ज आणि हेगचा अंतरिम आदेश : ‘प्रथमदर्शनी’ नेमके काय?

हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने एखाद्या राष्ट्राविरुद्ध तात्पुरत्या उपाययोजनांचा आदेश दिला की, दुसऱ्या दिवशी सोलापूरच्या बार रूममध्ये एक वाक्य हमखास कानावर पडते : “न्यायालयाला प्रथमदर्शनी केस दिसली, म्हणूनच मनाई दिली.” विधीच्या विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांमध्ये मी हेच वाक्य वर्षानुवर्षे खोडत आलो आहे. ते अर्धवट बरोबर असते, आणि म्हणूनच ते अधिक घातक ठरते. हा गोंधळ अज्ञानातून होत नाही. आपल्याला दिवाणी न्यायालयातील तूर्तातूर्त मनाई इतकी अंगवळणी पडलेली असते की, तिचाच साचा आपण नकळत हेगवर ठेवतो.

तो साचा वाचकाला ठाऊक आहे. दाव्यासोबत निशाणी ५ चा अर्ज येतो, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ३९ चे नियम १ व २ लागू होतात आणि न्यायाधीश तीन गोष्टी पाहतात : प्रथमदर्शनी केस, सोयी-गैरसोयीचा तोल आणि भरून न येणारे नुकसान.

या दोन व्यवस्थांमधील किरकोळ फरक एका परिच्छेदात आटोपतात. हेगच्या न्यायालयाचा अधिकार त्याच्या संविधीच्या कलम ४१ मधून येतो. तेथे अर्जदाराकडून नुकसानभरपाईची हमी मागण्याची पद्धत नाही आणि सोयी-गैरसोयीचा तोल ही स्वतंत्र कसोटी म्हणून लावली जात नाही. मागितलेल्या उपाययोजनांपेक्षा वेगळ्या उपाययोजनाही न्यायालय सांगू शकते. हे आदेश केवळ सल्ल्यासारखे असतात, असे अजूनही काही जण लिहितात. तो वाद जर्मनी विरुद्ध अमेरिका या लाग्रांड प्रकरणात २७ जून २००१ रोजी संपला. हे आदेश बंधनकारक असतात, असे न्यायालयाने तेथे स्पष्ट सांगितले.

खरी अडखळण्याची जागा ‘प्रथमदर्शनी’ या शब्दात आहे. हा शब्द हेगलाही वापरला जातो, परंतु तो दाव्याच्या गुणवत्तेला लागत नाही, तर अधिकारक्षेत्राला लागतो. राष्ट्रांच्या संमतीवाचून त्या न्यायालयाला अधिकारच नसतो. त्यामुळे ज्या कराराचा किंवा घोषणेचा आधार अर्जदार देतो, त्यातून अधिकारक्षेत्र प्रथमदर्शनी निघते काय, एवढे आधी तपासले जाते. त्यानंतर वेगळा प्रश्न येतो : ज्या हक्कांचे रक्षण मागितले आहे, ते हक्क संभवनीय आहेत काय? इंग्रजीतील ‘प्लॉझिबल’ या शब्दासाठी मी ‘संभवनीय’ हाच शब्द आग्रहाने वापरतो. त्याचे भाषांतर ‘प्रथमदर्शनी सिद्ध’ असे केले की सगळी इमारतच कलते. ही कसोटी न्यायालयाने या शब्दांत प्रथम मांडली ती बेल्जियम विरुद्ध सेनेगल या प्रकरणातील २८ मे २००९ च्या आदेशात. म्हणजे ती फार जुनी नाही.

आपल्याकडचे उदाहरण घेऊ. मोहोळ तालुक्यातील एक शेतकरी शेजाऱ्याने बांध फोडू नये म्हणून दावा लावतो. न्यायाधीश सातबारा, फेरफार, मोजणी नकाशा आणि दोन्ही बाजूंची प्रतिज्ञापत्रे पाहतात. प्रथमदर्शनी केस म्हणजे प्रथमदर्शनी सिद्ध झालेला मालकी हक्क नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने दलपत कुमार प्रकरणात १९९१ मध्येच बजावले आहे. गंभीर, निर्णययोग्य प्रश्न असणे पुरेसे आहे. तरीही तेथे नजर दाव्यावर असते : या वादीच्या या तक्रारीत, म्हणजे शेजारी खरोखर बांध फोडत आहे या म्हणण्यात, दम आहे काय? हेगला नजर मुख्यतः हक्कावर असते : वादी जो हक्क सांगतो तो त्या करारातून निघू शकतो काय, आणि तो या वादीचा असू शकतो काय? प्रतिवादीने त्या हक्काचा भंग केला काय, हा प्रश्न अंतिम निकालासाठी राखून ठेवला जातो.

कुलभूषण जाधव यांचे प्रकरण महाराष्ट्रातील प्रत्येक घराने पाहिले आहे, म्हणून त्याच्याच आधारे हे उलगडतो. पाकिस्तानने त्यांना मार्च २०१६ मध्ये ताब्यात घेतले आणि १० एप्रिल २०१७ रोजी लष्करी न्यायालयाने सुनावलेली फाशीची शिक्षा जाहीर झाली. भारताने ८ मे रोजी हेगला अर्ज केला. दुसऱ्याच दिवशी न्यायालयाचे तत्कालीन अध्यक्ष रॉनी अब्राहम यांनी पाकिस्तानला पत्र लिहून, पुढील आदेश निष्फळ ठरेल असे काही करू नये, असे कळवले. सुनावणी १५ मे रोजी झाली आणि १८ मे रोजी एकमताने आदेश आला की, अंतिम निकालापर्यंत जाधव यांना फाशी दिली जाणार नाही यासाठी पाकिस्तानने हाती असलेले सर्व उपाय योजावेत.

त्या दिवशी अनेकांनी “जाधव निर्दोष असल्याचे हेगने मानले” असा अर्थ काढला. न्यायालयाने तसे काहीही म्हटले नव्हते. भारताने ज्या हक्काचे रक्षण मागितले होते, तो जाधव यांच्या निर्दोषत्वाचा हक्क नव्हता. व्हिएन्ना वकिलाती संबंध कराराच्या कलम ३६ मधील हक्क होता. परदेशात अटक झालेल्या नागरिकाची वार्ता त्याच्या देशाच्या वकिलातीला मिळावी आणि वकिलातीच्या अधिकाऱ्यांना त्याला भेटता यावे, हा तो हक्क. त्याच कराराच्या ऐच्छिक प्रोटोकॉलमधून न्यायालयाला अधिकारक्षेत्र प्रथमदर्शनी मिळत होते. जाधव भारतीय आहेत, ते अटकेत आहेत आणि वारंवार मागूनही भारताला त्यांची भेट मिळालेली नाही, ही तथ्ये पाहता कलम ३६ चा हक्क संभवनीय ठरला.

पाकिस्तानचे दोन मोठे आक्षेप होते. पहिला, हेरगिरी किंवा दहशतवादाचा आरोप असलेल्या व्यक्तीला कलम ३६ लागूच होत नाही. दुसरा, भारत आणि पाकिस्तान यांच्यातील २००८ च्या द्विपक्षीय करारानुसार सुरक्षेशी संबंधित प्रकरणांत वकिलातीची भेट गुणवत्तेवर ठरवता येते. न्यायालयाने २०१७ मध्ये या दोन्ही मुद्द्यांवर अंतिम मत दिले नाही; एवढ्यावरून हक्क संभवनीय नाहीत किंवा अधिकारक्षेत्र नाही असे म्हणता येत नाही, इतकेच ते म्हणाले. दोन्ही मुद्दे १७ जुलै २०१९ च्या निकालात पूर्णपणे तपासले गेले आणि पाकिस्तानच्या विरोधात निकाली निघाले. संभवनीयता म्हणजे नेमके काय, हे या दोन तारखांमधील अंतर दाखवते : २०१७ मध्ये प्रश्न जिवंत आहे एवढेच ठरले, उत्तर २०१९ मध्ये ठरले. ते उत्तर उलटे आले असते, तरीही २०१७ चा आदेश चुकीचा ठरला नसता.

हाच गोंधळ २६ जानेवारी २०२४ च्या दक्षिण आफ्रिका विरुद्ध इस्रायल आदेशानंतर जगभर झाला. “नरसंहाराचा आरोप संभवनीय आहे” असे न्यायालयाने म्हटल्याचे सर्वत्र छापून आले. प्रत्यक्षात न्यायालयाने असे म्हटले की, दक्षिण आफ्रिका ज्या हक्कांचे रक्षण मागते त्यांपैकी निदान काही संभवनीय आहेत, आणि त्यांत गाझातील पॅलेस्टिनींना नरसंहाराच्या कृत्यांपासून संरक्षण मिळण्याचा हक्क येतो. कराराचा भंग झाला काय, हे या टप्प्यावर ठरवायचे नाही, हेही त्याच आदेशात आहे. त्या वेळी अध्यक्ष असलेल्या जोन डोनह्यू यांनी पुढे एप्रिल २०२४ मध्ये बीबीसीवरील मुलाखतीत हाच फरक स्वतः समजावून सांगितला. त्यावरून उलट टोकाला जाऊन “न्यायालयाने आरोप फेटाळला” असे म्हणणारेही तितकेच चुकतात. आरोपावर निर्णय झालेलाच नव्हता.

माझी बाजू एवढ्या ठामपणे मांडताना एक मर्यादा मान्य करायला हवी. हक्क आणि तक्रार यांच्यामधील रेषा नेहमीच एवढी स्वच्छ राहत नाही. युक्रेन विरुद्ध रशिया प्रकरणात १९ एप्रिल २०१७ रोजी न्यायालयाने दहशतवादाला अर्थपुरवठा रोखणाऱ्या कराराखालील मागणी नाकारली. पैसे देणाऱ्याचा हेतू किंवा त्याला असलेली जाणीव, आणि कृत्यामागील उद्देश, हे घटक संभवनीय वाटावेत इतका पुरावा युक्रेनने मांडलेला नाही, असे कारण दिले गेले. येथे न्यायालय आपल्या निशाणी ५ च्या चौकशीच्या बरेच जवळ आले, आणि माझ्या मते गरजेपेक्षा जास्त जवळ आले. तरीही एवढ्यावरून दोन्ही कसोट्या एकच आहेत, असा निष्कर्ष निघत नाही.

भरून न येणारे नुकसान आणि तातडी या कसोट्या त्यामानाने परिचित आहेत. नुकसान हे वादातील हक्काचे पाहिले जाते. जाधव यांना फाशी दिली असती, तर कलम ३६ चा भंग झाल्याचे पुढे सिद्ध होऊनही त्या हक्काचा उपयोग कोणाला झाला असता? लाग्रांड प्रकरणात नेमके तेच घडले : ३ मार्च १९९९ रोजी आदेश निघाला आणि त्याच दिवशी अमेरिकेत वॉल्टर लाग्रांड या जर्मन नागरिकाला मृत्युदंड देण्यात आला.

तातडीबाबत मात्र एक चूक मी वारंवार पाहतो. तातडी म्हणजे उद्या-परवा काही घडणार असणे, असे विद्यार्थी लिहितात. हेगला मोजपट्टी वेगळी असते : अंतिम निकाल लागण्यापूर्वी ते नुकसान होण्याचा खराखुरा आणि निकटचा धोका आहे काय? पाकिस्तानने सांगितले की, दयेच्या अर्जाची प्रक्रिया बाकी असल्याने ऑगस्ट २०१७ पूर्वी फाशी होण्याची शक्यता नाही, म्हणून तातडी नाही. न्यायालयाने तेच विधान उलट बाजूने वाचले : मग ऑगस्टनंतर केव्हाही फाशी होऊ शकते, आणि निकाल तोवर लागलेला नसेल. निकाल प्रत्यक्षात सव्वीस महिन्यांनी लागला. शिवाय निकालापर्यंत फाशी देणार नाही, अशी हमी पाकिस्तानने दिली नव्हती. बेल्जियम विरुद्ध सेनेगलमध्ये हाच धागा उलटा फिरला. सेनेगलने ज्यांच्यावर खटला चालवावा किंवा ज्यांना सोपवावे अशी बेल्जियमची मागणी होती, ते चाडचे माजी राष्ट्राध्यक्ष हिसेन हाब्रे डाकारमध्ये नजरकैदेत होते, आणि हेगमधील प्रकरण चालू असेपर्यंत त्यांना देश सोडू देणार नाही, असे सेनेगलने न्यायालयासमोर औपचारिकपणे सांगितले. बेल्जियमचे हक्क संभवनीय ठरले, तरी तातडी उरली नाही म्हणून अर्ज नामंजूर झाला. तेव्हा एक कसोटी उत्तीर्ण झाली म्हणजे आदेश मिळालाच, असेही नसते.

जाधव प्रकरणाचा शेवट या सगळ्याच्या मर्यादाही दाखवतो. २०१९ च्या निकालात कलम ३६ चा भंग पंधरा विरुद्ध एक मताने मान्य झाला, परंतु शिक्षा रद्द करावी आणि जाधव यांना सोडावे, ही भारताची मागणी न्यायालयाने फेटाळली. शिक्षेचे परिणामकारक पुनरावलोकन करण्याचे बंधन पाकिस्तानवर घातले. अंतिम निकाल लागताच १८ मे २०१७ च्या आदेशाची मुदत संपत होती, म्हणून पुनरावलोकन होईपर्यंत फाशीची स्थगिती कायम राहणे ही अत्यावश्यक अट आहे, असे न्यायालयाला निकालात पुन्हा स्वतंत्रपणे लिहावे लागले.