एसएमएसमधील प्रेषकनावाची बनवेगिरी

बँक किंवा अन्य संस्थेचे नाव लावून लबाडीचा एसएमएस पाठवण्याचा प्रकार. असा संदेश फोनवर वेगळा दिसत नाही. बँकेच्या खऱ्या संदेशांच्याच मालिकेत, बहुधा एखाद्या जुन्या ओटीपीच्या खाली येऊन बसतो. त्यासाठी फोनमध्ये किंवा बँकेच्या संगणकांत शिरावे लागत नाही.

एसएमएसचा आराखडा १९८० च्या दशकात जीएसएम प्रणालीबरोबर आखला गेला. त्यात प्रेषकाच्या पत्त्यासाठी जास्तीत जास्त १२ बाइट आहेत. पहिला बाइट लांबी सांगतो, दुसरा पत्त्याचा प्रकार आणि उरलेल्या १० मध्ये प्रत्यक्ष पत्ता असतो. दुसरा बाइट `91` असेल तर पुढे आंतरराष्ट्रीय क्रमांक येतो, `D0` असेल तर अक्षरे. एक अक्षर ७ बिटांचे असल्याने १० बाइटांत ११ अक्षरे मावतात. नावावरची ११ अक्षरांची मर्यादा इथूनच आली. ते नाव लिहिणाऱ्याचेच आहे का, हे पडताळण्याची सोय मात्र या रचनेत नाही. पाकिटावर पाठवणाऱ्याने स्वतःच नाव लिहावे, तसे हे आहे.

बँका घाऊक संदेश मध्यस्थ कंपन्यांमार्फत पाठवतात. समजा, एखादी बँक `MYBANK` हे नाव वापरते. भामट्याने तपासणीत ढिलाई करणाऱ्या मध्यस्थाकडे खाते उघडून `source_addr` या रकान्यात तीच सहा अक्षरे भरली, की फोनला दोन्ही प्रेषक एकच वाटतात. संदेशासोबत तो पुढे पाठवणाऱ्या केंद्राचा क्रमांकही येतो, पण मालिका लावताना फोन सहसा तो विचारात घेत नाही. `MYB4NK` लिहिले असते तर वेगळी मालिका उघडली असती.

एका प्रेषकाचे संदेश एका मालिकेत दाखवणारी संभाषणवार मांडणी आधी कोणी आणली याविषयी एकमत नाही. पाम कंपनीच्या ट्रिओ फोनांत ती होती. सार्वत्रिक झाली ती बहुधा २००७ च्या आयफोननंतर. दोष या मांडणीचा, असे काही जण मानतात. परंतु मूळ उणीव पडताळणीच्या अभावात आहे, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

डिसेंबर २०२१ मध्ये सिंगापूरमधील एका बँकेच्या सुमारे ७९० ग्राहकांनी याच पद्धतीत मिळून १.३७ कोटी सिंगापूर डॉलर गमावले. त्यानंतर ३१ जानेवारी २०२३ पासून तेथे प्रेषकनावांची नोंदणी सक्तीची झाली. नोंद नसलेल्या नावाऐवजी फोनवर `Likely-SCAM` असे दिसू लागले.

नोंदवहीचा पहारा दूरसंचार कंपनीच्या जाळ्यापुरताच असतो. ‘एसएमएस ब्लास्टर’ हा गाडीतून फिरवता येणारा बनावट टॉवर जवळपासच्या फोनांना २जी वर ओढतो. २जी मध्ये टॉवर फोनची ओळख तपासतो, फोन मात्र टॉवरची तपासत नाही. संदेश थेट फोनवर उतरतो, कंपनीच्या चाळणीतून जातच नाही. काही अँड्रॉइड फोनांत २जी बंद करण्याची सोय आहे. तेवढ्यापुरता हा मार्ग अडतो, मध्यस्थाकडचा नाही.